यंत्र विकत घ्यावे की काम बाहेर द्यावे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव यांसारख्या औद्योगिक वसाहतींत एकच वस्तू अनेक शेडमधून फिरत तयार होते. फौंड्रीतून आलेले कास्टिंग एका ठिकाणी टर्निंगला जाते, दुसऱ्या ठिकाणी त्याला छिद्रे पडतात आणि तिसऱ्या ठिकाणी त्याची जुळणी होते. लहान कारखानदार यातील एखादे काम स्वतः करतो व उरलेले जॉबवर्कने करून घेतो. काही वर्षे असे चालले की दरमहा जॉबवर्कच्या बिलांची रक्कम डोळ्यांत भरू लागते आणि घरात विषय निघतो : हे पैसे दुसऱ्याला देण्यापेक्षा स्वतःचेच यंत्र का घेऊ नये?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा उत्साहाने किंवा भीतीने दिले जाते. हिशेबाने ते अर्ध्या तासात देता येते, आणि त्यासाठी लागणारे गणित दुकानाच्या चोपडीतल्या गणिताहून अवघड नाही. एक उदाहरण सविस्तर घेऊ. त्यातील आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. रीत मात्र कोणत्याही सुट्या भागाला लागू पडते.

शेतीपंपांची जुळणी करणारा एक लहान कारखाना आहे. पंपाला बिडाचे एक बेअरिंग हाउसिंग लागते. वर्षाला १२,००० नगांची गरज आहे. कास्टिंग कारखानदार स्वतः खरेदी करतो आणि टर्निंगसाठी जॉबवर्कवाल्याकडे पाठवतो. जॉबवर्कचा दर नगामागे ५५ रुपये आहे. टेम्पोभाडे, चढउतार आणि परत आलेल्या मालाची तपासणी धरली तर आणखी ५ रुपये होतात. म्हणजे बाहेरून काम करून घेण्याचा खरा खर्च नगामागे ६० रुपये. कास्टिंगची किंमत यात धरायची नाही, कारण काम कोठेही झाले तरी कास्टिंग तेवढ्याच पैशांत पडणार आहे. फौंड्रीच्या दोषामुळे ब्लोहोल निघून बाद होणारे नगही त्याच कारणाने सोडून द्यायचे. दोन्ही पर्यायांत जे सारखे आहे ते निर्णयाच्या हिशेबातून वगळावे, म्हणजे कागद स्वच्छ राहतो.

आता यंत्राकडे पाहू. सी.एन.सी. लेथची किंमत जीएसटी वगळून १८ लाख रुपये आहे. चक, जबडे, मोजमापाची गेज, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, वायरिंग आणि पाया यांसाठी आणखी २ लाख लागतात. हे दोन लाख कोटेशनमध्ये बहुधा नसतात, पण त्यांच्याशिवाय यंत्र चालत नाही. एकूण गुंतवणूक २० लाखांची झाली.

यंत्रावरील १८ टक्के जीएसटी या हिशेबात खर्च म्हणून का धरलेला नाही, असा प्रश्न येईल. नियमित नोंदणी असलेल्या कारखानदाराला त्या कराची वजावट विक्रीवरील करातून मिळते, म्हणून तो खर्च नव्हे. तरीही सुरुवातीला यंत्रावरचे ३ लाख २४ हजार रुपये हातातून जातात आणि विक्री होईल तसतसे ते वळते होतात. तेवढी रोकड काही महिने अडकते, हे ध्यानात ठेवावे. कंपोझिशन योजनेतील व्यावसायिकाला ही वजावट मिळत नाही. त्याने कर यंत्राच्या किमतीतच मिळवावा.

विक्रेत्याचा माणूस अशा वेळी एक सोपा हिशेब मांडतो. तो म्हणतो, स्वतःच्या यंत्रावर एका नगाला टूलची इन्सर्ट ६ रुपयांची, वीज ७ रुपयांची, कूलंट व तेल १ रुपयाचे आणि काम करताना बिघडणाऱ्या नगांचे २ रुपये, असा सारा खर्च १६ रुपये येतो. तुम्ही देता ६० रुपये. नगामागे ४४ रुपये वाचले. १२,००० नगांवर वर्षाला ५ लाख २८ हजार रुपये वाचतील आणि चार वर्षांच्या आत यंत्र फुकट पडेल.

यातला एकही आकडा खोटा नाही. चूक आहे ती ४४ रुपयांना नफा म्हणण्यात. ते ४४ रुपये यंत्र दारात उभे ठेवण्याच्या खर्चाकडे आधी जातात. तो खर्च पुरा फिटल्यानंतर जो नग निघेल, त्याचे ४४ रुपये मात्र खरोखर वाचलेले असतात. दुकानदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. कापडाच्या मीटरमागे दहा रुपये सुटतात म्हणून तो ते दहा रुपये घरी नेत नाही. जागेचे भाडे, नोकराचा पगार आणि दिवाबत्ती त्यातून आधी भागते. यंत्राच्या बाबतीत मात्र हाच माणूस कधी कधी ही सवय विसरतो.

यंत्र उभे ठेवण्याचा, म्हणजे स्थिर खर्च असा मांडता येतो. यंत्र आठ वर्षे वापरून शेवटी ४ लाखांना विकले जाईल असे धरले, तर उरलेले १६ लाख आठ वर्षांत झिजतात, म्हणजे वर्षाला २ लाख रुपये घसारा. गुंतलेल्या रकमेवर व्याज धरावे लागते. सुरुवातीला २० लाख गुंतलेले असतात आणि शेवटी ४ लाख उरतात. सरासरी १२ लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाला १ लाख २० हजार रुपये होतात. यात स्वतःच्या खिशातून घातलेल्या पैशांवरील व्याजही आले, कारण तोच पैसा मुदत ठेवीत किंवा दुकानाच्या मालात असता तर काही तरी कमावत राहिला असता. ऑपरेटरचा पगार, बोनस व इतर देणी धरून महिना २०,००० म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. विमा व देखभाल ५० हजार. वीजजोडणीचा भार वाढल्यामुळे येणारा वाढीव स्थिर आकार ३० हजार. सर्वांची बेरीज ६ लाख ४० हजार रुपये.

शेडमध्ये यंत्रापुरती जागा आधीच रिकामी आहे, म्हणून भाडे धरलेले नाही. जी जागा दुसऱ्या कशालाही उपयोगी पडत नाही, तिचा या निर्णयापुरता खर्च शून्य आहे. मात्र यंत्रासाठी तयार माल हलवून बाहेर गोदाम भाड्याने घ्यावे लागणार असेल, तर त्या गोदामाचे भाडे याच खर्चात येईल.

आता ना नफा ना तोटा बिंदू काढायला एकच भागाकार पुरतो. वार्षिक स्थिर खर्चाला प्रत्येक नगामागे वाचणाऱ्या रकमेने भागावे. ६,४०,००० भागिले ४४ म्हणजे १४,५४५ नग. वर्षाला एवढे नग लागत असतील, तर बाहेरचा आणि घरचा खर्च बरोबर सारखा होतो. त्याहून जास्त लागले तर यंत्र फायद्याचे, कमी लागले तर जॉबवर्क फायद्याचे. या कारखान्याची गरज १२,००० आहे. म्हणजे या घटकेला यंत्र तोट्याचे. १२,००० नगांवर स्थिर खर्च वाटला तर नगामागे ५३ रुपये ३३ पैसे येतात, त्यात १६ रुपये मिळवले की घरचा नग ६९ रुपयांच्या वर जातो. बाहेर तोच ६० रुपयांत मिळतो.

पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि म्हणतात, आज १२,००० आहे, दोन वर्षांत १५,००० होतील, मग यंत्र परवडेल. परंतु आणखी एक तपासणी बाकी आहे. यंत्र तेवढे नग काढू शकते का? दोन्ही सेटिंग मिळून एका नगाला ९ मिनिटे लागतात. आठ तासांच्या पाळीत ४८० मिनिटे असली, तरी टूल बदलणे, मापे जुळवणे, नग चढवणे-उतरवणे, वीज जाणे यांत वेळ जातो. चार पंचमांश वेळ कामी आला तरी तो चांगलाच म्हणायचा. म्हणजे ३८४ मिनिटे, दिवसाला ४२ नग, आणि वर्षाच्या ३०० दिवसांत १२,६०० नग. ना नफा ना तोटा बिंदू १४,५४५ वर आहे आणि एका पाळीत यंत्राची धाव १२,६०० पर्यंतच आहे. याचा अर्थ, नव्या ऑपरेटरच्या पगारावर एका पाळीत हे यंत्र कितीही चालवले तरी ६० रुपयांच्या जॉबवर्कला ते गाठू शकत नाही.

दुसरी पाळी सुरू केली तर काय होईल? दुसरा ऑपरेटर लागेल. स्थिर खर्चात आणखी २ लाख ४० हजारांची भर पडून तो ८ लाख ८० हजार होईल आणि बिंदू २०,००० नगांवर जाईल. दोन पाळ्यांत यंत्र २५,२०० नग काढू शकते, म्हणून येथे हिशेब जमण्याची शक्यता आहे. पण कारखान्याची स्वतःची गरज १२,००० आहे. उरलेले ८,००० नगांइतके काम दुसऱ्याचे आणावे लागेल. मग कारखानदार स्वतःच जॉबवर्कवाला होतो. त्याला काम शोधावे लागेल, दर घासून द्यावा लागेल आणि दोन महिन्यांची उधारी सोसावी लागेल. टेम्पोचे वाचणारे ५ रुपये त्या परक्या नगांवर मिळणार नाहीत, म्हणून प्रत्यक्षात २०,००० हून थोडे अधिकच काम लागेल. तो धंदा वाईट नाही, परंतु तो वेगळा धंदा आहे. पंपाचा सुटा भाग स्वस्तात मिळावा या हेतूने घेतलेले यंत्र त्या धंद्यात ओढून नेणार असेल, तर ते आधी ठाऊक असावे.

याच हिशेबातून जॉबवर्कवाला ५५ रुपयांत काम कसे देतो तेही उलगडते. त्याचे यंत्र दोन पाळ्या चालते. २४,००० नगांवर ८ लाख ८० हजार वाटले की नगामागे सुमारे ३७ रुपये होतात, १६ रुपये बदलता खर्च मिळवला की ५३ रुपयांच्या आत नग पडतो. त्याचा स्थिर खर्च अनेक गिऱ्हाइकांत वाटला जातो. कारखानदाराच्या शेडमध्ये तेच यंत्र एकाच मालाच्या जिवावर उभे राहणार असते.

मात्र या हिशेबात एक आकडा असा आहे की तो बदलला तर सारा निकाल बदलतो. तो म्हणजे ऑपरेटरचा पगार. अनेक लहान कारखान्यांत एखादा जुना कारागीर असतो, ज्याच्या हातचे काम कमी झालेले असते, पण ज्याला सोडायचे नसते. त्याचा पगार यंत्र आले तरी द्यायचा आहे आणि न आले तरी द्यायचा आहे. तो सी.एन.सी. शिकून हे काम सांभाळणार असेल, तर यंत्रामुळे पगाराचा खर्च वाढत नाही. दोन्हीकडे सारखा म्हणून तो वगळायचा. मग स्थिर खर्च ६ लाख ४० हजारांवरून ४ लाखांवर येतो आणि बिंदू १४,५४५ वरून ९,०९१ वर उतरतो. १२,००० नगांची गरज त्याच्या बरीच वर आहे. बाहेर काम दिले तर वर्षाला ७ लाख २० हजार लागतात, घरी केले तर ५ लाख ९२ हजार. सव्वा लाखाहून अधिक बचत झाली.

तेच यंत्र, तोच दर, तेवढेच नग, आणि निकाल उलटा. म्हणून या उदाहरणात कारखानदाराने यंत्राच्या किमतीत पन्नास हजारांची घासाघीस करण्यापेक्षा एका प्रश्नावर अधिक वेळ घालवावा : यंत्र आल्याने पगारपत्रकात खरोखर एक नाव वाढणार आहे का? येथे स्वतःची समजूत घालणे फार सोपे असते. ‘आपला माणूस करील’ असे म्हणून यंत्र येते, सहा महिन्यांनी तो माणूस जुळणीत अडकल्याचे दिसते आणि नवा ऑपरेटर ठेवावा लागतो. हे आधी ओळखण्याचा एक उपाय आहे. त्या कारागिराचा दिवस कसा जातो याची दोन महिने साध्या वहीत नोंद ठेवावी. १२,००० नगांना दिवसाला ४० नग, म्हणजे तपासणीपासून टूल बदलण्यापर्यंत जवळजवळ पूर्ण पाळी लागते. नोंदीत रोज दोन-तीन तासच रिकामे दिसले, तर पगार शून्य धरणे म्हणजे हिशेबाला फसवणे होय.

दुसरा विचार मंदीच्या वर्षाचा. जॉबवर्कचा मोठा गुण असा की काम नसले की खर्चही नसतो. यंत्राचा खर्च काम नसले तरी चालू राहतो. पगाराची अडचण सुटलेली आहे असे धरून, एखाद्या वर्षी पंपांची मागणी घटून ८,००० नगच लागले, तर बाहेर ४ लाख ८० हजार लागले असते आणि घरी ५ लाख २८ हजार पडतात. ४८ हजारांचा तोटा. म्हणून बिंदूची तुलना मागील पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षाशी करू नये. विक्रीच्या नोंदी काढून सर्वांत वाईट वर्षाचे नग पाहावेत. वाईट वर्षही बिंदूच्या वर असेल तर निर्णय सोपा आहे. वाईट वर्ष खाली आणि बाकीची वर्षे बरीच वर असतील, तर चांगल्या वर्षांची बचत वाईट वर्षाचा तोटा भरून काढते का ते मोजावे.

तिसरी गोष्ट कर्जाच्या हप्त्याची. हिशेब मांडताना येथे एक नेहमीची गफलत होते. घसारा, व्याज आणि कर्जाचा पूर्ण हप्ता, असे तिन्ही खर्चात धरले जातात. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात. मुद्दल फेडणे म्हणजे यंत्राची किंमत देणे, आणि तीच किंमत घसाऱ्याच्या रूपाने एकदा धरलेली आहे. तीच रक्कम दोनदा लावली तर चांगले यंत्रही तोट्याचे दिसते. त्याचप्रमाणे आयकरासाठी यंत्रावर धरला जाणारा १५ टक्के घसारा घटत्या किमतीवर असतो. तो विवरणपत्रासाठी ठीक आहे. निर्णयासाठी यंत्र प्रत्यक्षात किती वर्षे चालेल आणि शेवटी कितीला जाईल हेच पाहावे.

हप्त्याचा विचार मग करायचाच नाही का? करायचा, पण वेगळ्या कागदावर. पहिला कागद यंत्र फायद्याचे आहे की नाही ते सांगतो. दुसरा कागद ते झेपेल की नाही ते सांगतो. २० लाखांपैकी १५ लाख कर्ज, पाच वर्षांची मुदत आणि दहा टक्के व्याज धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे ३१,९०० रुपये, वर्षाचे सुमारे ३ लाख ८२ हजार होतात. त्यात विमा, देखभाल आणि विजेचा स्थिर आकार यांचे ८० हजार मिळवले की ४ लाख ६२ हजार. घसारा येथे धरायचा नाही, कारण घसाऱ्यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत. या रकमेला ४४ ने भागले की १०,५०० नग येतात. म्हणजे जुन्या कारागिराकडून काम करून घेतले तरी पहिली पाच वर्षे रोख पैशांचा बिंदू ९,०९१ नसून १०,५०० आहे. ८,००० नगांच्या वर्षी १ लाख १० हजार रुपये दुसरीकडून आणून हप्ते भरावे लागतील.

त्यात शेतीपंपांचा धंदा हंगामी. उन्हाळ्यात मागणी, पावसाळ्यात शांतता. १०,५०० नगांचा महिन्याला सरासरी ८७५ नग असा हिशेब पडतो. पावसाळ्याच्या एखाद्या महिन्यात ४०० नगच लागले, तर त्या महिन्यात वीस हजारांहून अधिक रुपये कमी पडतात, आणि हप्त्याची तारीख तीच असते. अशा कारखानदाराने कर्ज घेतानाच परतफेडीचे वेळापत्रक हंगामाप्रमाणे मागावे, किंवा उन्हाळ्यातील बचतीतून तीन-चार हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवावी. यंत्राच्या हप्त्यासाठी दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून पैसे उचलण्याची वेळ आली, की खेळत्या भांडवलाला गळती लागते. मग यंत्र चालू असते आणि कास्टिंग घ्यायला पैसा नसतो.

आता ज्याचा आकडा या कागदावर दिसत नाही त्याविषयी. जॉबवर्कवाला वेळेवर माल देत नाही, मोठ्या गिऱ्हाइकाचे काम आधी करतो, मापे कधी कधी हुकतात, या तक्रारी खऱ्या असतात. पण ‘त्रास फार होतो’ एवढ्यावर २० लाख गुंतवू नयेत. त्रासाला आकडा द्यावा. मागील वर्षी हाउसिंग न आल्यामुळे जुळणी किती दिवस थांबली, त्यात किती मजुरी फुकट गेली, किती पंपांची मागणी परत गेली, हे लिहून काढावे. समजा ही रक्कम वर्षाला ६० हजार निघाली. तर १२,००० नगांवर ती नगामागे ५ रुपये झाली आणि बाहेरचा खरा दर ६५ धरावा. नगामागे बचत ४९ होते आणि नव्या ऑपरेटरसह बिंदू १४,५४५ वरून १३,०६१ वर येतो. तरीही तो १२,६०० च्या वरच राहतो. म्हणजे त्रास मोजूनही, नवा माणूस ठेवून एका पाळीत यंत्र घेणे या उदाहरणात परवडत नाही. शिवाय स्वतःचे यंत्रही बंद पडते, आणि त्याचा सुटा भाग येईपर्यंत जुळणी थांबतेच.

अशा वेळी यंत्र न घेताही हा कागद कामाला येतो. जॉबवर्कवाल्याचा नग ५३ रुपयांच्या आत पडतो आणि त्याचे यंत्र भरलेले राहण्यातच त्याचे हित आहे, हे आता कारखानदाराला कळलेले असते. वर्षाला १२,००० नगांचे लेखी आश्वासन आणि बिल पंधरा दिवसांत चुकते करण्याची तयारी दाखवली, तर दर दोन रुपयांनी उतरणे अशक्य नाही. वर्षाचे २४ हजार रुपये एकही रुपया न गुंतवता वाचले. त्याच बोलण्यात ठरलेल्या दिवशी माल देण्याची अटही घालता येते. दोन जॉबवर्कवाल्यांत काम वाटून दिले, तर एकाचे यंत्र बंद पडल्यावर जुळणी थांबत नाही.

हा कागद वर्षातून एकदा पुन्हा मांडावा. त्यासाठी पाचच गोष्टी नव्याने लिहायच्या : बाहेरचा पूर्ण दर, घरचा बदलता खर्च, वर्षाचा स्थिर खर्च, यंत्राची एका पाळीची धाव आणि सर्वांत मंद वर्षाचे नग. जॉबवर्कचा दर ६० वरून ७० झाला, किंवा दुसऱ्या पंपाचे हाउसिंगही त्याच यंत्रावर बसू लागले, की बिंदू आणि गरज यांच्यातील अंतर बदलते. आज ‘नको’ म्हणणारा कागद दोन वर्षांनी ‘घ्या’ म्हणू शकतो. तोपर्यंत ते पाच लाख स्वतःचे भांडवल दुकानाच्या मालात फिरत राहते आणि जॉबवर्कचे बिल जितके नग तितकेच येते.